२५,२००चा कॉल का घेतला नाही

बुधवारची दुपार, तीन वाजत आलेले. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माडीवर दोन स्क्रीन उघडे होते, एकावर निफ्टीचा दिवसाचा चार्ट आणि दुसऱ्यावर ऑप्शन चेन, म्हणजे सगळ्या ऑप्शनच्या भावांचा तक्ता. निफ्टी २४,९०० वर होता. खाली २४,८२० ते २४,८५० हा पट्टा आधी तीनदा टिकला होता आणि त्या दिवशी पुन्हा तिथूनच भाव उचलला गेला. वर २५,२०० ला मागच्या तिन्ही चढांनी मान टाकली होती. चार्टने जे सांगायचं ते एवढंच: टार्गेट २५,२००, म्हणजे ३०० अंक वर, आणि स्टॉपलॉस २४,७८०, म्हणजे १२० अंक खाली. पट्टा तुटल्यावर थोडी जागा सोडून स्टॉपलॉस ठेवला, कारण पट्ट्याच्या अगदी काठावर ठेवलेला स्टॉपलॉस एका शेपटीत उडतो.

इथपर्यंत फ्युचर आणि ऑप्शन यांत काही फरक नाही. फरक पुढे सुरू होतो. फ्युचरला कधी पोचायचं हे विचारावं लागत नाही, कॉल विकत घेणाऱ्याला ते पहिल्या मिनिटापासून विचारावं लागतं. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला, स्ट्राइकला, निफ्टी घेण्याचा हक्क, आणि तो एक्सपायरीच्या दिवशी संपतो.

खालच्या मजल्यावरचे काका चहा घेऊन वर आले होते. चेन बघून म्हणाले, “टार्गेट २५,२०० आहे ना? मग २५,२००चाच कॉल घे की. येत्या मंगळवारचा अठ्ठेचाळीस रुपयांत मिळतोय.”

“काका, निफ्टी मंगळवारी बरोबर २५,२०० वर बंद झाला तर त्या कॉलचं काय होईल?”

“काय होईल म्हणजे? टार्गेट आलं की!”

“कॉल शून्य होईल.”

नव्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, आणि चार्ट वाचता येणाऱ्यालाच जास्त लागतो, कारण त्याचा चार्ट बरोबर ठरलेला असतो. म्हणून हा सौदा सुरुवातीपासून मांडतो. पातळ्या गोल केल्या आहेत. सगळ्या किमती आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली चढउतार, वार्षिक १२ टक्के स्थिर धरून सूत्राने काढल्या आहेत, म्हणजे वेळेचा परिणाम वेगळा दिसतो.

एकच पातळी, तीन वार

येत्या मंगळवारच्या एक्सपायरीचा २५,२००चा कॉल बुधवारी ४८ ला. आता समजा निफ्टी २५,२०० ला पोचलाच. शुक्रवारी तीन वाजता पोचला तर कॉल साधारण १२६ ला असेल. सोमवारी तीन वाजता पोचला तर ६३ ला. मंगळवारी साडेतीनला तिथे असेल तर शून्य. चार्टवर तिन्ही वेळा तीच रेघ, तोच भाव, तेच ‘टार्गेट हिट’. हातात मात्र एकदा ७८ अंकांचा फायदा, एकदा १५ चा, आणि एकदा ४८ चा पूर्ण तोटा.

कारण साधं आहे. टार्गेटच्याच स्ट्राइकवर घेतलेल्या कॉलमध्ये टार्गेट गाठल्यावरही आतली किंमत, म्हणजे भाव उणे स्ट्राइक, शून्यच असते. जे काही उरतं तो निव्वळ वेळेचा पैसा, आणि तो कॅलेंडर खात असतो. हा कॉल घेणारा नकळत पैज लावतो की निफ्टी २५,२०० ला थांबणार नाही, पार पुढे जाईल. चार्ट मात्र त्याला सांगत असतो की २५,२०० ला विक्री उभी आहे. स्वतःच्याच वाचनाविरुद्धचा हा सौदा आहे, आणि ४८ रुपये स्वस्त दिसतात म्हणून तो होतो.

शुक्रवार आणि सोमवारमधली घसरण मोठी दिसते, कारण मध्ये शनिवार-रविवार येतात. सूत्र तीन दिवस मोजतं. बाजार तेवढा भोळा नाही. सुट्टीच्या दोन दिवसांची बरीचशी किंमत शुक्रवारी दुपारीच, कधी गुरुवारपासूनच, प्रीमियममधून, म्हणजे ऑप्शनच्या भावातून, काढून घेतलेली असते. त्यामुळे शुक्रवारी प्रत्यक्ष भाव १२६ पेक्षा थोडा खाली दिसू शकतो आणि सोमवार सकाळची पडझड सूत्राने सांगितल्यापेक्षा कमी वाटते. एकूण हिशेब तोच राहतो. बडोद्यात उत्तरायणाला अख्खं गाव गच्चीवर असतं आणि बाजार बहुतेक वेळा चालूच असतो. त्या दिवसाची किंमतही कोणी माफ करत नाही.

आधी दिवस, मग एक्सपायरी

आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी चार्टवरून दिवस मोजायचे, त्यावरून एक्सपायरी, आणि स्ट्राइक शेवटी. बहुतेक लोक उलटं करतात. चेन उघडली की समोर जवळची एक्सपायरी असते, तिथला परवडणारा भाव निवडतात आणि मग चार्टला सांगतात, आता चार दिवसांत पोचव.

दिवस मोजायला एटीआरने सुरुवात होते, पण तिथे फसगतही होते. निफ्टीचा चौदा दिवसांचा एटीआर तेव्हा १९० च्या आसपास. तीनशेला एकशे नव्वदने भागलं की दीड दिवस येतो, आणि माणूस खूश होऊन या आठवड्याचाच कॉल घेतो. पण एटीआर म्हणजे दिवसभरात भाव वरखाली किती हलला ते. एका दिशेला किती सरकला, ते नव्हे. दिवसात १९० हलून बंद होताना चाळीस अंक वर, हे रोजचं चित्र आहे.

त्यापेक्षा भरवशाचं काम म्हणजे त्याच चार्टवर मागचे चढ मोजणं. याच पट्ट्यातून २५,२०० च्या आसपास जायला आधीच्या तीन वेळी तीन, पाच आणि चार सत्रं लागली होती. मधला आकडा चार. त्यावर निम्मे वाढवून सहा धरले, कारण उशीर होणं हे नेहमीचं आणि लवकर पोचणं हे नशिबाचं. बुधवारनंतर गुरुवार, शुक्रवार, सोमवार, मंगळवार ही चार सत्रं. सहावं सत्र पुढचा गुरुवार.

आता कॅलेंडर समोर ठेवा. १ सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी मंगळवारी असते, सुट्टी आली तर आदल्या कामकाजाच्या दिवशी. म्हणजे चार्टचा नेहमीचा वेळ संपतो त्याच दिवशी जवळचा कॉलही संपतो. उशिरा पोचण्यासाठी एकही दिवस उरत नाही. आम्ही अट अशी ठेवतो की सगळ्यात संथ अंदाजाच्या दिवशीही ऑप्शनच्या आयुष्यात निदान तीन सत्रं शिल्लक हवीत. संथ अंदाज पुढचा गुरुवार. त्यानंतर शुक्रवार, सोमवार, मंगळवार. म्हणजे तेरा दिवसांनी येणारा मंगळवार. एक्सपायरी ठरली.

तीनच सत्रं का, असं कोणीही विचारेल. अॅट द मनी, म्हणजे स्ट्राइक चालू भावालाच असलेल्या, कॉलचा रोजचा घास मोजायचा एक झटपट हिशेब आहे: प्रीमियम निम्मा करा आणि उरलेल्या दिवसांनी भागा. येत्या मंगळवारचा २४,९००चा कॉल १५३ ला, सहा दिवस उरलेले, म्हणजे रोज जवळपास १३ अंक. तेरा दिवसांचा २२५ ला, रोज साडेआठ-नऊ. सत्तावीस दिवसांचा ३२४ ला, रोज सहा. आणि जवळच्याच कॉलला एक दिवस उरला, भाव तिथेच असला, तर तो ६२ ला असतो आणि ते सगळेच्या सगळे बासष्ट त्या एका दिवसात जायचे असतात. उतार शेवटाकडे कड्यासारखा होतो. तीन सत्रं राखणं म्हणजे त्या कड्यापासून लांब राहून बाहेर पडणं.

मग सत्तावीस दिवसांचाच का घेऊ नये, घास तर सगळ्यात लहान? कारण पैसे जास्त अडकतात, आयव्ही एक टक्का घसरली की तो सगळ्यात जास्त हलतो, आणि सहा सत्रांच्या कामासाठी महिनाभराचं भाडं भरायचं कारण नाही. जिथे चार्टवर दिवस मोजताच येत नाहीत, उदाहरणार्थ साप्ताहिक चार्टवरचा मोठा पट्टा, तिथे मात्र महिन्याचाच घ्यावा.

जवळच्या एक्सपायरीवर अन्यायही करायला नको. २४,९००चा जवळचा कॉल १५३ ला घेऊन निफ्टी मंगळवारी २५,२०० वर बंद झाला तर ३०० मिळतात, म्हणजे १४७ अंक फायदा. पुढच्या आठवड्याचा २२५ ला घेतलेला त्याच वेळी ३५७ ला असतो, फायदा १३२. वेळापत्रक पाळलं गेलं तर जवळचाच सरस. पण भाव अर्ध्या वाटेत, २५,०५० ला राहिला, तर जवळचा १५० ला येऊन तीन अंक तोट्यात संपतो आणि पुढचा २५१ ला, सव्वीस अंक फायद्यात असतो. भाव हललाच नाही तर जवळच्याचे १५३ पूर्ण गेले, पुढच्याचे ६०. आणि निफ्टी मंगळवारऐवजी गुरुवारी २५,२०० ला पोचला तर जवळचा कॉल तोवर अस्तित्वातच नाही, पुढच्याचे ३३८ मिळतात. पंधरा अंक कमी मिळवायचे आणि त्या बदल्यात चूक दुरुस्त व्हायला एक आठवडा घ्यायचा. आम्हाला हा सौदा परवडतो.

स्ट्राइक: तीन प्रसंग लिहून काढायचे

एक्सपायरी ठरली की स्ट्राइकसाठी डेल्टाचा, म्हणजे निफ्टी एक अंक हलला की कॉल किती हलतो त्याचा, तक्ता बघण्यापेक्षा आम्ही कागदावर तीन प्रसंग लिहितो: मंगळवारी टार्गेट आलं, शुक्रवारी स्टॉपलॉस लागला, मंगळवारपर्यंत भाव हललाच नाही. प्रत्येक प्रसंगात त्या स्ट्राइकचा भाव काय असेल ते कोणत्याही ऑप्शन कॅल्क्युलेटरमध्ये काढता येतं. भाव, उरलेले दिवस आणि आयव्ही एवढंच भरायचं. तेरा दिवसांच्या एक्सपायरीत हे असं आलं:

| कॉल | बुधवारचा भाव | टार्गेटला | स्टॉपलॉसला | जैसे थे |
|---|---|---|---|---|
| २४,७०० | ३३८ | +१८५ | −९० | −५५ |
| २४,९०० | २२५ | +१३२ | −७३ | −६० |
| २५,२०० | १०७ | +६० | −४५ | −५० |

चार्टवर जोखीम १२० आणि मिळकत ३००, म्हणजे एकाला अडीच. आता हेच प्रमाण कॉलमध्ये बघा. २४,७०० ला ते एकाला दोनच्या किंचित वर. २४,९०० ला एक पूर्णांक आठ. २५,२०० ला जेमतेम एकाला एक आणि एक तृतीयांश. चार्टवरचं चांगलं प्रमाण स्ट्राइक वर सरकवत गेलं की झिजत जातं, आणि ते झिजवणारी गोष्ट वेळच आहे. २४,७००च्या ३३८ मध्ये दोनशे ही आतली किंमत, तिला वेळ हात लावत नाही. वेळेचे पैसे फक्त १३८. २५,२००च्या १०७ मध्ये सगळेच्या सगळे वेळेचे.

शेवटच्या रकान्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. २५,२००चा कॉल भाव न हलता पन्नास गमावतो, स्टॉपलॉस लागून पंचेचाळीस. म्हणजे या कॉलला निफ्टी पडण्यापेक्षा नुसता बसून राहणं जास्त महाग पडतं. चार्टवरचा स्टॉपलॉस मग नुसता दिखाऊ राहतो. खरा शत्रू त्या रेघेवर नसतोच.

तरी आम्ही २४,७०० सरसकट घेत नाही. तो महाग आहे, आणि पुढच्या आठवड्याच्या एक्सपायरीत बुधवारी, खोल इन द मनी, म्हणजे चालू भावाच्या बऱ्याच खालच्या, स्ट्राइकला, खरेदी आणि विक्रीच्या बोलीत चार-पाच अंकांचं अंतर सहज असतं. जाता-येता ते दोनदा भरावं लागतं. शंभराच्या पटीतल्या स्ट्राइकला पन्नासाच्या पटीपेक्षा जास्त उलाढाल असते, म्हणून २४,८५० आणि २४,८०० मध्ये निवड असेल तर २४,८००. ऑर्डर नेहमी लिमिट, दोन बोलींच्या मध्ये ठेवून. मार्केट ऑर्डर टाकली की कागदावरचं प्रमाण पहिल्याच मिनिटाला बदलतं.

चार्ट एका भावाचा, ऑप्शन दुसऱ्याचा

वरच्या हिशेबात एक गोष्ट सोयीसाठी बाजूला ठेवली होती. चार्ट स्पॉट निफ्टीचा असतो, पण ऑप्शनचा भाव त्या एक्सपायरीच्या पुढच्या भावावर बसतो. तो चेनमधूनच काढता येतो: एखाद्या स्ट्राइकमध्ये तिथला कॉल मिळवा आणि पुट वजा करा. २४,९००चा कॉल २४५ आणि पुट २०५ असेल तर पुढचा भाव २४,९४०. व्याज आणि लाभांशाप्रमाणे हे अंतर कधी वीस असतं, कधी पन्नास-साठ.

याचा परिणाम दोन ठिकाणी होतो. स्पॉट २४,९०० असताना खरा अॅट द मनी स्ट्राइक २४,९५० असू शकतो, आणि कॅल्क्युलेटरमध्ये स्पॉट भरून आलेली आयव्ही कॉलला जास्त आणि पुटला कमी दिसते. लोक म्हणतात कॉल महाग झालेत. झालेले नसतात. दुसरं म्हणजे हे अंतर एक्सपायरीपर्यंत हळूहळू मिटतं, त्यामुळे कॉल घेणाऱ्याला थीटाच्या, म्हणजे वेळेच्या रोजच्या घासाच्या, सोबत आणखी एक बारीक गळती लागते. तेरा दिवसांत चाळीस अंकांचं अंतर असेल तर रोजचे तीन, आणि अॅट द मनी कॉलला त्याचा निम्मा फटका. आम्ही टार्गेट आणि स्टॉपलॉस स्पॉटवरच आखतो, फक्त तीन प्रसंग लिहिताना त्या दिवशी उरणारं अंतर मिळवून घेतो.

आयव्हीचंही तसंच. निफ्टी शांतपणे वर चढतो तेव्हा आयव्ही बहुतेक उतरते. बारावरून अकरा झाली तर टार्गेटला ३५७ ऐवजी साधारण ३४७ मिळतील. म्हणून कॉलच्या हिशेबात टार्गेटच्या प्रसंगाला एक टक्का कमी आयव्ही धरावी. पुटला उलट असतं, पडताना आयव्ही वाढते आणि पुट घेणाऱ्याला हात देते. शिवाय पडझड चढापेक्षा वेगाने होते, त्यामुळे पुटसाठी दिवस मोजताना मागच्या पडझडीच मोजायच्या. चढाचे दिवस तिथे वापरले तर गरजेपेक्षा लांबची एक्सपायरी घेतली जाते.

काकांचा स्ट्राइक शेवटी वापरला

काकांना बरं वाटावं म्हणून नव्हे, पण २५,२००चा कॉल त्या सौद्यात आलाच. विकत घ्यायला नाही, विकायला. चार्ट म्हणतो की २५,२०० ला भाव अडेल. मग त्यापुढची चाल विकत कशाला घ्यायची? ज्याला ती हवी त्याला द्यावी. २४,९००चा कॉल २२५ ला घेतला आणि त्याच एक्सपायरीचा २५,२००चा १०७ ला विकला. जोडीची किंमत ११८.

तेच तीन प्रसंग पुन्हा लिहा. मंगळवारी टार्गेट आलं तर जोडी १९० ला, फायदा ७२. शुक्रवारी स्टॉपलॉस लागला तर ९० ला, तोटा २८. भाव हललाच नाही तर १०८ ला, तोटा फक्त १०. प्रमाण एकाला अडीच, म्हणजे चार्टने दिलेलं प्रमाण जवळपास जसंच्या तसं परत मिळालं. आणि जैसे थेचा तोटा साठवरून दहावर आला, कारण एका पायावर वेळ पैसे खातो आणि दुसऱ्या पायावर आणून देतो.

याची किंमत काय, तेही सांगायला हवं. निफ्टी घाईत शुक्रवारीच २५,२०० ला गेला तर नुसता २४,९००चा कॉल ३९२ ला पोचतो, फायदा १६७. जोडी १८२ लाच असते, फायदा ६४. विकलेल्या पायात वेळ अजून शिल्लक असतो, तो मंगळवारपर्यंत वितळायचा असतो. म्हणजे संथ, अडखळत चढणाऱ्या चार्टला जोडी आणि पट्टा फोडून एकदम सुटणाऱ्या चार्टला एकटा कॉल. हा चार्ट पहिल्या जातीचा होता, मागचे तीनही चढ तीन ते पाच सत्रं घेणारे. ब्रेकआउट असता, वर मोकळी जागा असती, तर विकायला तशी पातळीच नसती आणि जोडीही केली नसती.

निफ्टीचा लॉट, म्हणजे एका सौद्यातली किमान संख्या, ६५ चा आहे. स्टॉपलॉसचा तोटा एकट्या कॉलला ७३ गुणिले ६५, म्हणजे ४,७४५ रुपये. जोडीला १,८२०. किती लॉट घ्यायचे ते या आकड्यावरून ठरवायचं, प्रीमियम किती परवडतो यावरून नाही. मात्र रात्रीत मोठी दरी पडून निफ्टी २४,७८० च्या बऱ्याच खाली उघडला तर हा आकडा टिकत नाही. तेव्हा शेवटची मर्यादा भरलेला पूर्ण प्रीमियम, म्हणजे जोडीला ११८ अंक, ७,६७० रुपये. विकलेल्या पायासाठी मार्जिन लागतं, सुटा कॉल विकण्यापेक्षा बरंच कमी, पण लागतं. म्हणून ऑर्डर टाकताना आधी खरेदीचा पाय आणि मग विक्रीचा. उलट केलं तर मधल्या मिनिटासाठी पूर्ण मार्जिन मागितलं जातं आणि ऑर्डर परत येते.

सौदा चालू असताना

स्टॉपलॉस प्रीमियमवर लावायचा नाही. २४,९००चा कॉल १५२ ला आला की विक, अशी ऑर्डर ठेवली तर शुक्रवारी ती बरोबर ठरेल, पण पुढच्या बुधवारी भाव २४,९०० च्या जवळपास असतानाच १५२ येईल आणि पट्टा न तुटताच आपण बाहेर. वेळ बदलला की त्याच पातळीचा प्रीमियम बदलतो. म्हणून रेघ निफ्टीवर: तासाची मेणबत्ती २४,७८० च्या खाली बंद झाली की निघायचं, प्रीमियम काहीही असो.

त्यासोबत एक वेळेचा स्टॉपलॉस. सोमवारी दुपारी तीनपर्यंत निफ्टी २५,००० च्या वर नसेल, म्हणजे निम्म्याहून जास्त नेहमीचा वेळ जाऊन एक तृतीयांशही वाट कापली नसेल, तर एकटा कॉल बंद करायचा. भाव २४,९०० लाच असेल तर तेव्हा तो १७६ च्या आसपास असतो, तोटा ४९ वर थांबतो. जोडी असेल तर तिला गुरुवारपर्यंत राहू देतो, तिला बसून राहणं फारसं महाग नाही.

शेअरच्या ऑप्शनला हेच सगळं लावताना दोन गोष्टी बदलतात. तिथे साप्ताहिक एक्सपायरी नाही, महिन्याचा शेवटचा मंगळवारच. आणि तिथे रोखीत हिशेब मिटत नाही, इन द मनी राहिलेल्या कॉलवर पूर्ण लॉटचे शेअर घ्यावे लागतात, त्यासाठी शेवटच्या चार दिवसांत मार्जिन चढत जातं. शेवटच्या आठवड्यात चार्ट कितीही चांगला असला तरी पुढच्या महिन्याचा करार घ्यावा. तिथे बोलींचं अंतर जास्त असतं, ते तीन प्रसंगांच्या हिशेबात आधीच धरून.

बाहेर पडताना क्रम उलटा: आधी विकलेला २५,२०० परत घ्यायचा, मग २४,९०० विकायचा. आणि टार्गेटला लिमिट ऑर्डर २५,२०० च्या रेघेवर नव्हे, २५,१७० च्या आसपास भाव आला की टाकायची. त्या रेघेवर विकायला आपल्याआधी बरेच जण उभे असतात.